मे महिन्यात बुजवलेला सांधा जुलैत का उघडतो?

«आमची इंदिरानगरमधली सोसायटी बावीस वर्षे जुनी, चार मजली आणि दोन विंगची आहे. प्रत्येक विंग अंदाजे २६ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद. मी सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. दोन विंगच्या मधली गच्चीवरची जॉइंटची पट्टी मागच्या मे महिन्यात कोबा दुरुस्त करताना सिमेंटने भरून सपाट करून घेतली. तरीही या पावसाळ्यात जॉइंटलगतच्या बेडरूममध्ये छताच्या कडेने पाणी ठिबकले आणि पश्चिमेकडच्या हॉलची भिंत वरून हातभर ओली झाली. गच्चीवर मोठी भेग कुठेच नाही. कठड्यावर केसासारख्या बारीक रेषा आहेत, एवढेच. ठेकेदार म्हणतो, स्लॅब झिरपतो आहे, पूर्ण गच्चीला नवा कोबा करा, नाहीतर पत्र्याची शेड टाका. सोसायटीने कोणता खर्च करावा?»

— एक वाचक, नाशिक

आपल्या ठेकेदाराचे निदान दोन शब्दांचे आहे, आणि दोन्ही पर्याय त्या दोन शब्दांवर उभे आहेत. म्हणून खर्चाचा विचार करण्याआधी ते शब्द तपासून पाहू. स्लॅब स्वतः झिरपत असेल तर पाणी खोलीच्या मधल्या भागातही उतरायला हवे. स्लॅबमध्ये पुरलेल्या विजेच्या पाइपांतून वाट काढत ते बहुधा पंख्याच्या हुकापाशी किंवा दिव्याच्या पेटीतून टपकते आणि छतावर नकाशासारखे पिवळट डाग उमटतात. आपल्या घरी पाणी आले ते फक्त दोन ठिकाणी, आणि ती दोन्ही ठिकाणे कडेची आहेत: एक दोन इमारतींच्या सांध्याखाली, दुसरे कठड्याखाली. एवढ्या मोठ्या गच्चीपैकी नेमक्या कडा गळाव्यात आणि मधला सगळा भाग कोरडा राहावा, हे कोबा खराब झाल्याचे लक्षण मला वाटत नाही.

पत्रात एक गोष्ट आलेली नाही, ती घरातल्या मंडळींना आठवून पाहायला सांगा. भिंत पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने ओली झाली आणि पाऊस थांबल्यावर ठिबकणे किती दिवस चालू राहिले? वारा नसताना पडलेल्या संततधारेत हॉलची भिंत कोरडी राहत असेल आणि पश्चिमेकडून वाऱ्यासह आलेल्या अर्ध्या तासाच्या सरीत ती ओली होत असेल, तर पाणी कठड्यातून येत आहे असे जवळजवळ धरून चालावे. उलट, पाऊस उघडल्यानंतरही दोन-चार दिवस ठिबकत राहिले असेल तर कोब्याच्या पोटात साठलेले पाणी हळूहळू वाट शोधत आहे. विटांच्या तुकड्यांचा कोबा स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. त्याला एकदा कडेने पाणी मिळाले की वरचा पृष्ठभाग निर्दोष असूनही आतून तो दिवसेंदिवस टपकत राहतो. आपल्या बेडरूममधले ठिबकणे याच प्रकारचे असावे, असा माझा अंदाज आहे.

आता त्या मे महिन्याकडे वळू. दोन विंगच्या मध्ये फट ठेवली होती ती बांधणाऱ्याच्या आळसामुळे नव्हे. ४५ मीटरपेक्षा लांब इमारतीत साधारणतः एक किंवा अधिक प्रसरण सांधे द्यावेत, असे आयएस ४५६ ही काँक्रीटची भारतीय मानक संहिता सांगते, आणि आपल्या दोन्ही विंग मिळून ५२ मीटर होतात. काँक्रीट तापले की वाढते आणि थंड झाले की आकसते. एक अंश सेल्सिअसला एका मीटरमागे सुमारे ०.०१ मिमी. आकडा क्षुल्लक वाटतो, पण नाशिकचे हवामान तो क्षुल्लक राहू देत नाही. जानेवारीतल्या पहाटेचा गारठा आणि मे महिन्यातल्या दुपारचे ऊन यांच्यामध्ये गच्चीच्या स्लॅबचे सरासरी तापमान, वरचा कोबा काही उष्णता अडवतो हे गृहीत धरूनही, २५ अंशांनी सहज बदलते. प्रत्येक स्लॅब आपल्या मध्यापासून दोन्ही टोकांकडे वाढतो, म्हणजे सांध्याकडे येणारी वाढ प्रत्येकी १३ मीटरची, दोन्ही बाजूंची मिळून २६ मीटरची. २६ गुणिले २५ गुणिले ०.०१, म्हणजे साडेसहा मिमी. वर्षभरात ती फट एवढी उघडते आणि मिटते.

आता काम केव्हा झाले ते पाहा. गच्चीची कामे आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे मे महिन्यात निघतात, आणि त्या वेळी स्लॅब वर्षातला सर्वांत फुगलेला व फट सर्वांत अरुंद असते. त्या अरुंद फटीत मिस्त्रींनी सिमेंटचा माल ठासला. जुलैत ढग आले, स्लॅब दहाएक अंशांनी निवला आणि वरच्याच हिशेबाने फट अडीच मिमीने रुंद झाली. सिमेंटचा माल ताणला जात नाही. तो एका बाजूला चिकटून राहिला आणि दुसऱ्या बाजूने सुटला, किंवा त्यावरून सलग ओढलेला कोबा बरोबर त्याच रेषेत फाटला. ही फट वरून दिसत नाही, कारण कोब्याच्या पृष्ठभागावर ती केसाएवढी उमटते आणि धूळ व शेवाळ तिला झाकून टाकतात. म्हणजे ज्या महिन्यांत पाऊस असतो त्याच महिन्यांत उघडे राहील असे दार आपण स्वतः बसवून घेतले. मिस्त्रींचा यात हेतू वाईट नव्हता. उघडी फट दिसली की ती बुजवावी, असेच कोणालाही वाटते.

खात्री करणे अवघड नाही. सकाळी सातला आणि दुपारी तीनला, ऊन पडलेल्या दिवशी, सांध्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने केलेल्या दोन खुणांमधले अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. एका दिवसात फरक अर्ध्या मिमीच्या आसपास दिसला तरी पुरे. पट्टीवर विश्वास नसेल तर भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा रुपयाएवढा पातळ ठिपका लावून त्यावर तारीख लिहून ठेवा. भेग हलती असेल तर आठ-पंधरा दिवसांत ठिपक्याला तडा जातो. ही साधी चाचणी मी पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया मानतो, कारण स्थिर भेग आणि हलती भेग यांची औषधे वेगळी आहेत. माल वाळताना पडलेली आणि नंतर न हाललेली भेग ताठ मालाने भरली तर चालते. हलती भेग ताठ मालाने भरली तर ती पुढच्या मोसमात शेजारी नवी भेग पाडते, आणि मग सोसायटीच्या सभेत कुणीतरी म्हणतो की वॉटरप्रूफिंगचे सगळे लोक फसवतात.

हॉलच्या भिंतीची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त शिकण्यासारखी. आपल्याकडचा कठडा म्हणजे स्लॅबवर उभारलेली विटांची मीटरभर उंच भिंत. वीट काँक्रीटच्या निम्म्याने किंवा त्याहून थोडी जास्त वाढते, त्यामुळे खालचा स्लॅब सरकतो तेवढा कठडा सरकत नाही. दोघांचे तापमान सारखे धरले तरी आपल्या विंगच्या टोकाला हा फरक सव्वा मिमीच्या घरात जातो. त्याचा परिणाम बाहेरच्या अंगाला स्लॅबच्या पातळीवर एक आडवी बारीक रेष म्हणून दिसतो, आणि ती इमारतीच्या कोपऱ्यांकडे जाताना ठळक होते. दुसऱ्या रेषा कठड्याच्या माथ्यावर, दोन-तीन मीटरवर एक अशा आडव्या कापलेल्या असतात. कठड्याच्या माथ्यावर बहुतेक इमारतींत खरे कोपिंग, म्हणजे माथा झाकणारी दगडाची पट्टी, नसतेच; वीसएक मिमी जाडीचा सिमेंटचा गिलावा सपाट फिरवून वर रंग मारलेला असतो. तो वाळताना आकसतो, उन्हात फुगतो, आणि ठरावीक अंतरावर तडकतो.

‘केसासारख्या बारीक रेषा आहेत, एवढेच’ असे आपण लिहिले आहे. त्यातल्या ‘एवढेच’ला माझी हरकत आहे. रुंद भेगेतून पाणी वजनाने उतरते, बारीक भेग ते ओढून घेते. ०.२ मिमी रुंदीची फट केशाकर्षणाने पाणी सुमारे ७ सेंमी वर चढवू शकते, ०.१ मिमीची १५ सेंमीच्या आसपास. साधा झेरॉक्सचा कागद ०.१ मिमी जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. कठड्याच्या उभ्या बाजूवर वाऱ्याने पाणी आपटत असताना अशी भेग त्याला आडवे आत ओढते, आणि माथ्यावरची भेग तर वर तळे साचल्यासारखी सतत ओली राहते. आत गेलेले पाणी मात्र त्याच अरुंद वाटेने वाफ होऊनच बाहेर पडू शकते, त्यामुळे तासाभरात आत शिरलेली ओल बाहेर जायला आठवडे घेते. तेवढ्यात पुढची सर येते.

कठड्यात मुरलेले पाणी पुढे कुठे जाते, हे ज्यांनी कोबा फोडलेला पाहिला आहे त्यांनाच पटते. कोबा आणि कठडा यांच्या कोपऱ्यात गवंडी जी गोलाई देतात, ज्याला ते वाटा म्हणतात, ती कठड्याच्या गिलाव्यावर वीस-तीस सेंमी चढून थांबते. पाणी तिच्या मागून, विटांच्या पोटातून खाली येते आणि थेट स्लॅबवर कोब्याखाली उतरते. कोबा कितीही नवा असला, वर कितीही रसायन फासले असले, तरी हे पाणी त्याच्या पाठीमागून आत आलेले असते. गंगापूर रोडकडच्या एका इमारतीत मी हे डोळ्यांनी पाहिले. तिथे तीन वर्षांत दोनदा गच्ची करून झाली होती. मी कोरड्या दिवशी कठड्याच्या माथ्यावर पाण्याने भिजवलेली गोणपाटे अंथरली, ती ओली ठेवली, गच्चीवर मात्र थेंबही पडू दिला नाही. पाऊण तासाने आतल्या बाजूला वाट्याच्या वरच्या काठावर गडद रेष उमटली, आणि दोन तासांनी खालच्या फ्लॅटच्या भिंतीवर, पडद्याच्या दांडीच्या वर, बोट टेकवले तर ओले लागू लागले. कमिटीतल्या एका काकांनी तेवढ्यात खाली जाऊन बोट चार वेळा लावून पाहिले. गच्चीवरचा कोबा त्या दिवशी पूर्ण कोरडा होता.

आपणही हीच चाचणी करा, पण क्रमाने, आणि एका वेळी एकच भाग ओला करून. आधी गच्चीचा मधला भाग निर्दोष आहे का ते ठरवू. कठड्यापासून आणि सांध्यापासून साठ सेंमी अंतर सोडून मातीचा किंवा विटांचा बांध घाला, पावसाच्या पाइपाचे तोंड त्या भागात येत असेल तर ते बुजवा, आणि आत ४० मिमी पाणी ४८ तास उभे ठेवा. एवढ्या पाण्याचे वजन चौरस मीटरला ४० किलो होते, जे शाबूत स्लॅबला जड नाही. मात्र खालून छताचा गिलावा सुटून गंजलेल्या सळ्या दिसत असतील तर ही चाचणी अजिबात करू नका आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. दोन दिवसांत खाली काही आले नाही तर कोब्याची सुटका झाली. मग दोन-तीन दिवसांचे अंतर ठेवून फक्त सांध्याच्या दोन्ही बाजूंना बांध घालून पाणी ठेवा, आणि शेवटी कठड्यावर गोणपाटे. होजपाइप वापरत असाल तर कठडा खालून वर भिजवत जा. माथ्यापासून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळेच ओले होते आणि वाट कोणती ते कळत नाही.

सांधा दोषी ठरला, आणि तो ठरेल असे मला वाटते, तर मेमध्ये भरलेले सगळे सिमेंट काढावे लागेल. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा कोबा साधारण तीस सेंमी रुंदीने सरळ कापून घ्या आणि फट जुने शटरिंगचे तुकडे, विटांचे खडे, माल, सगळे काढून वरपासून जितकी खोल साफ होईल तितकी साफ करा. दोन विंगच्या मध्ये अडकलेला एखादा कठीण तुकडाही त्या ठिकाणी स्लॅबची कड फोडतो, म्हणून या सफाईत घाई नको. फटीत आधी फोमची गोल दोरी, जिला बॅकर रॉड म्हणतात, दाबून बसवायची. ती फटीपेक्षा पाव हिश्श्याने जाड घ्यावी म्हणजे घट्ट बसते. तिच्या वर पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेनचे सीलंट भरायचे. फट २५ मिमी असेल तर सीलंटची खोली १२ मिमी, म्हणजे रुंदीच्या निम्मी. जास्त भरले तर जास्त टिकेल ही समजूत इथे उलटी पडते, कारण जाड सीलंट ताणले जात नाही, ते कडेने उपटले जाते. त्याचप्रमाणे ते फक्त दोन बाजूंना चिकटले पाहिजे, तळाला नाही. तळाला फोमची दोरी असते ती याच कामासाठी, कारण सीलंट तिला चिकटत नाही. तीन बाजूंनी जखडलेले सीलंट पहिल्याच हिवाळ्यात मधोमध फाटते.

सीलंटच्या पिशवीवर किंवा पत्रकावर हालचालीची क्षमता टक्क्यांत लिहिलेली असते. ती उणे-अधिक २५ टक्के असेल तर २५ मिमीच्या फटीत ते सव्वासहा मिमी ताणले आणि तेवढेच दाबले जाऊ शकते. आपली एकूण हालचाल साडेसहा मिमीची. मध्यम हवामानात भरले तर ती दोन्ही बाजूंना विभागली जाते आणि भरपूर अंतर उरते; मे महिन्यातल्या दुपारी भरले तर सगळी हालचाल ताणाच्याच बाजूला जाते आणि माल आपल्या मर्यादेच्या थोडा पलीकडे ओढला जातो. म्हणून हे काम मेमध्ये करू नये, एवढे सोसायटीच्या ठरावात लिहून घ्या. पाऊस संपल्यावर, सांध्याच्या कडा कोरड्या झाल्या की, ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर, किंवा मग फेब्रुवारी, हे दिवस योग्य. सीलंट ओल्या काँक्रीटला धरत नाही. प्लॅस्टिकचा तुकडा कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर तिथे ठेवा. सकाळी आतून दव धरले असेल तर अजून थांबायचे.

फक्त सीलंटवर मात्र मी पाणी सोपवत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना १०० ते १५० मिमी उंच काँक्रीटचे छोटे बांध घाला, त्यांच्यावरून वॉटरप्रूफिंगचा पडदा चढवा, आणि सांध्यावरून जाताना तो पडदा सैल, झोळीसारखा सोडा. वर टोपीसारखे झाकण, काँक्रीटच्या पातळ फरशीचे किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, जे फक्त एका बांधाला ठोकलेले आणि दुसऱ्यावर नुसते टेकलेले असेल. दोन्हीकडे ठोकले तर झाकणही हालचाल अडवायचा प्रयत्न करते आणि स्क्रू उपटले जातात. गच्चीचा ढाळ सांध्यापासून दूर गेला पाहिजे. गच्चीवर वावरताना हा उंचवटा पायात येईल, लहान मुले त्यावरून उड्या मारतील, कुणीतरी तो तोडायची सूचना करील. तरीही तो ठेवा, कारण सपाट केलेला सांधा हाच आपल्या गळतीचा उगम आहे.

एक जागा जवळजवळ प्रत्येक वेळी राहून जाते. सांधा गच्चीवर उघडा ठेवला जातो, पण तो जिथे कठड्याला भिडतो तिथे कठडा सलग बांधलेला किंवा गिलाव्याने सलग केलेला असतो. इमारत दोन भागांत हालते आणि कठडा मात्र एकच राहू पाहतो. तो तिथेच उभा फाटतो, आणि हे फाटणे नेमके सांध्याच्या टोकाशी असल्याने पाणी सरळ खालच्या फ्लॅटच्या कोपऱ्यात जाते. कठडाही त्याच रेषेत, त्याच रुंदीने, माथ्यापासून पायापर्यंत कापून मोकळा करायला सांगा आणि कोपिंगचा दगडही तिथे तुटक ठेवा. आपल्या बेडरूममधले ठिबकणे खोलीच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे जास्त असेल तर पहिला संशय याच जागेवर घ्या.

कठड्याचे काम याच्यापेक्षा सोपे, पण लांबीने मोठे आहे: दोन्ही विंगचा घेर मिळून सुमारे १२८ मीटर, त्यात पश्चिमेचे ५२ मीटर आधी घ्यावेत. माथ्याचा पोकळ झालेला गिलावा काढून टाकायचा. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेल्यास पोकळ जागा मडक्यासारख्या वाजतात. विटांच्या माथ्यावर पाणी अडवणारा थर द्यायचा आणि त्यावर कडप्पा किंवा ग्रॅनाइटच्या पट्ट्या गच्चीच्या आतल्या बाजूला ढाळ देऊन बसवायच्या. ढाळ बाहेर दिला तर धुळीचे ओघळ इमारतीच्या दर्शनी भिंतीवर उतरतात आणि तिथल्याच बारीक भेगांत पाणी जाते. पट्टी कठड्याच्या दोन्ही बाजूंना चाळीस-पन्नास मिमी पुढे आली पाहिजे आणि त्या पुढे आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला, काठाजवळ, सुमारे १० मिमीची खाच लागते. पाणी दगडाच्या खालून उलटे भिंतीकडे सरकत येते, खाचेशी आले की तिथून सुटून खाली पडते. ही खाच कापायला दगडाच्या दुकानात मीटरमागे थोडेच पैसे लागतात, पण वर बसवून झाल्यावर ती कापता येत नाही, म्हणून ऑर्डर देतानाच लिहून द्या. दगडांमधल्या सहा-आठ मिमीच्या फटीत पांढरे सिमेंट नको, तेच लवचिक सीलंट भरा; नाहीतर दोन वर्षांत भेगा तिथेच परत येतील, फक्त सरळ रेषेत.

बाहेरच्या अंगाची स्लॅबच्या पातळीवरची आडवी भेग ‘क्रॅक फिलर’ पावडर कालवून भरण्याचा मोह होईल. ती हलती भेग आहे. ग्राइंडरने दहा-दहा मिमीचा गाळा कापून त्यात सीलंट भरावे आणि वरून लवचिक बाह्य रंगाचा हात द्यावा. माथ्यावर बसवलेल्या डिश अँटेनाचे पाय, सोलरच्या पाइपाचे क्लॅम्प, कपड्यांच्या दोरीचे हुक आणि दर दिवाळीला माळेसाठी ठोकलेले खिळे हीसुद्धा भोकेच असतात. कोपिंग नवे झाल्यावर त्यात पुन्हा ड्रिल घालू नये. हे सगळे कठड्याच्या आतल्या उभ्या बाजूला, वाट्याच्या वर लावता येते.

पत्र्याच्या शेडबद्दल. कठड्याच्या बाहेर पुरेशी डोकावणारी शेड माथ्यावरचे पाणी खरोखर अडवते, ते नाकारत नाही. पण तिला महापालिकेची परवानगी लागते, वाऱ्याचा उचल घेण्याचा जोर तिच्या खांबांवर येतो आणि ते खांब बहुधा कोब्याला भोके पाडून किंवा कठड्यावरच उभे केले जातात. बाहेरच्या भिंतीवर आपटणारा पश्चिमेचा पाऊस आणि स्लॅबच्या पातळीवरची आडवी भेग यांना शेडचा उपयोग नाही, आणि गच्ची वापरायची सोय जाते ती वेगळी. नवा कोबा हा ६२४ चौरस मीटरचा खर्च आहे, आणि त्यातला एक मीटरही आपल्या दोन ओल्या जागांपर्यंत पोहोचत नाही. शिवाय जुन्यावर आणखी एक थर म्हणजे स्लॅबवर आणखी वजन, आणि कोब्याचा थर वजनदार असतो. मधल्या भागाच्या चाचणीत पाणी खाली आले, किंवा कोबा ठोकल्यावर निम्म्याहून जास्त ठिकाणी पोकळ वाजला, तर गोष्ट बदलते. मग जुना कोबा काढूनच नवा करावा, आणि तरीही सांधा व कोपिंग आधी.

खर्च कुणी करायचा हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण सभेत निघेलच. आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने आपल्या खर्चाने करायची असते. वरच्या मजल्यावर राहता म्हणून ती आपल्यावर येत नाही. सभेत निवेदन देताना आठवड्याचे पेन्सिलीच्या खुणांचे आकडे आणि चाचण्यांच्या तारखा जोडा. ठेकेदाराकडून ६२४ चौरस मीटरच्या दराऐवजी दोन वेगळे दर मागवा: १२ मीटर सांधा आणि ५२ मीटर कोपिंग, प्रत्येकी मीटरला. सांध्यातले सिमेंट काढल्यावर फट किती रुंद निघाली ते मोजून सीलंट भरण्याआधी आपल्याला दाखवावे, अशी अट त्यात घाला. फट १० मिमीच निघाली तर २५ टक्क्यांचे सीलंट तिथे पुरणार नाही, आणि तेव्हा दोन्ही कडांना बसवलेल्या, मध्ये लवचिक पट्टी असलेल्या धातूच्या जॉइंट-पट्टीचा विचार करावा लागेल.

हॉलच्या भिंतीला या दिवाळीत रंग देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. भिंतीच्या पोटातली ओल बाहेर पडायला दोन-तीन महिने लागतात आणि वरून रंगाचा पडदा घातला तर ती खार होऊन त्याला फुगवून काढते. फुगलेला गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस प्लॅस्टिकचा तोच तुकडा भिंतीला चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आत दव नसेल तर रंगाऱ्याला बोलवा.